कुलूप फोनला, सिम मोकळंच

लोकलच्या गर्दीत फोन गेला की मालकाला पहिला धीर स्क्रीनलॉकचा असतो. पॅटर्न आहे, बोटाचा ठसा आहे, आत शिरणार कसा? पण चोराला आत शिरायचंच नसतं. तो बारीक पिन खुपसून ट्रे बाहेर काढतो आणि तुमचं सिम आपल्या जुन्या फोनमध्ये घालतो. त्यावरून स्वतःच्याच दुसऱ्या नंबरवर मिस्ड कॉल दिला की तुमचा नंबर कळला. मग त्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू करायचं, सहा आकडी ओटीपी त्याच सिमवर येतो. व्हॉट्सअ‍ॅपला वेगळा पिन लावलेला नसेल तर थोड्याच वेळात तुमच्या ग्रुपवर तुमच्याच नावाने ‘अर्जंट पैसे हवेत’ असा मेसेज पडू शकतो. स्क्रीनलॉक तिकडे मूळ फोनवर शाबूत!

सिम पिन इथे उपयोगी पडतो. तो फोनमध्ये नाही, सिमच्या चिपमध्येच साठवलेला असतो. त्यामुळे सिम कुठल्याही फोनमध्ये घाला, चिप आधी पिन मागते आणि तो मिळेपर्यंत नेटवर्कला आपली ओळख पटवून देत नाही. मग कॉल नाही आणि ओटीपीही नाही.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या सिक्युरिटी विभागात ‘सिम लॉक’ सापडतं. कंपनीनुसार जागा बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत SIM lock टाइप करणं सोपं. आयफोनमध्ये ते मोबाइल डेटाखाली ‘सिम पिन’ नावाने असतं. दोन सिमं असतील तर दोन्हींना वेगवेगळं लावावं लागतं.

बहुतेकजण फसतात ते इथे. लॉक चालू करताना फोन पिन मागतो आणि माणूस मनातला नवा आकडा टाकतो. त्याला हवा असतो कंपनीने आधीच घातलेला पिन. तो बऱ्याचदा 1234 किंवा 0000 असतो, पण अंदाज न करता कस्टमर केअरला विचारावं. तो देऊन लॉक चालू झालं की मगच ‘चेंज पिन’मध्ये जाऊन चार ते आठ आकड्यांचा आपला पिन ठेवायचा. हे टाळलं तर 1234 चोरालाही ठाऊक असतोच.

तीनदा चुकलं की सिम पीयूके मागतं. हा आठ आकडी क्रमांक सिम ज्या प्लास्टिकच्या कार्डातून निघालं त्यावर अनेकदा छापलेला असतो, नाहीतर ओळख पटवून कंपनीकडून मिळतो. तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बाद, नवं घ्यावं लागतं.

पिन विचारला जातो तो फोन बंद करून चालू केल्यावर किंवा सिम नव्याने घातल्यावर. चालू अवस्थेत पळवलेल्या फोनमधलं सिम, ते बाहेर काढेपर्यंत, उघडंच असतं. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसत असेल तर ओटीपी तिथेही वाचता येतो. तो मजकूर नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये लपवून ठेवावा. आणि पिन असला तरी फोन गेल्यावर कंपनीला फोन करून सिम बंद करून घ्यायला उशीर लावू नये.