शुक्रापुढचा ‘व’

तिच्या पत्रिकेत सातव्या घरात ‘शु’ होता आणि त्याच्याशेजारी कंसात बारीक ‘व’. कन्या लग्न, जन्म १० एप्रिल १९९३, संध्याकाळी सहाच्या सुमाराचा. ओळख पटेल असे बाकीचे तपशील सोडून देते. गेल्या वर्षी मार्चमध्ये ती माझ्याकडे आली ती फोन हातात घेऊनच. “ताई, आठ वर्षांनी त्याचा मेसेज आलाय. माझा शुक्र वक्री आहे म्हणून जुनी माणसं परत येतात, असं सगळे म्हणतात. खरं का?”

वक्री शुक्राबद्दल लोकांच्या मनात जो गोंधळ असतो, तो सगळा या एका प्रश्नात आहे. म्हणून तिचीच पत्रिका नीट पाहू.

आधी आकाश. शुक्र कधीच उलटा फिरत नाही. सूर्याभोवतीची त्याची फेरी २२५ दिवसांची, आपली ३६५ची. आतल्या कक्षेतून तो पृथ्वीला मागे टाकतो, तेव्हा आपल्याला तो ताऱ्यांमध्ये मागे सरकताना दिसतो. असे दर ५८४ दिवसांनी घडते आणि साधारण बेचाळीस दिवस टिकते. हिशेब केला तर शंभरातल्या सातेक माणसांच्याच पत्रिकेत शुक्रापुढे ‘व’ येतो. वक्री शुक्र सूर्यापासून तीस अंशांच्या आतच असतो, म्हणजे तो सूर्याच्याच राशीत किंवा लगतच्या राशीत सापडतो. तुमच्या पत्रिकेत तो सूर्यापासून दोन राशी दूर असून ‘व’ लिहिलेला असेल, तर जन्मवेळ किंवा गणित कुठेतरी चुकले आहे. पुढे काही वाचण्याआधी ते तपासून घ्या.

आता वाचन. जुन्या ग्रंथांनी वक्री ग्रहाला दुबळा मानलेले नाही. उलट त्याला चेष्टाबल मिळते, तो बलवान ठरतो. पेच पडतो तो उच्चीचा ग्रह वक्री झाला की. आमच्या या मुलीचा शुक्र मीनेचा, म्हणजे उच्चीचा. उत्तरकालामृतात उच्चीचा ग्रह वक्री असेल तर नीचासारखे फळ देतो असे म्हटले आहे, आणि त्या एका वचनावर बोट ठेवून कित्येक मुलींना ‘तुझं वैवाहिक सुख गेलं’ असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. माझ्या पाहण्यात असा शुक्र सुख हिरावून घेत नाही, तो उशिरा बोलतो. इतरांना आवडलेले माणूस पहिल्या भेटीत कळते. वक्री शुक्राच्या माणसाला ते घरी परतल्यावर, कधी महिन्याभराने उमगते. भावना खोल असते, पण ती आधी आत जाते आणि मग बाहेर येते. दरम्यान समोरच्याला वाटते, हिला काही वाटतच नाही.

तिच्या बाबतीत हे शब्दशः घडले होते. २०१७च्या मार्चमध्ये त्याने विचारले. ती गप्प राहिली. तीन आठवडे “सांगते, सांगते” म्हणत राहिली. तो दुसऱ्या शहरात नोकरीला गेला आणि मग तिला कळले की आपले उत्तर ‘हो’ होते.

संकोच मात्र सगळ्यांचा सारखा नसतो. हे कळायला पाश्चात्त्य ज्योतिषातली ‘एक दिवस म्हणजे एक वर्ष’ ही प्रगतीची पद्धत उपयोगी पडते. त्या वर्षी शुक्र ११ मार्चला वक्री झाला आणि २२ एप्रिलला मार्गी. ही जन्मली १० एप्रिलला. मध्ये बारा दिवस, म्हणून प्रगत शुक्र तिच्या बाराव्या वर्षीच मार्गी झाला. त्याच वर्षी १२ मार्चला जन्मलेल्या मुलीचा शुक्र मार्गी व्हायला एक्केचाळीस दिवस, म्हणजे एक्केचाळीस वर्षे लागतील. दोघींच्या पत्रिकेत ‘व’ एकच. पण एकीच्या बाबतीत ही गाठ वयात येण्याच्या आधीच सैल व्हायला लागते आणि मागे राहते ती सवय. दुसरीला अर्धे आयुष्य तिच्यासोबत काढावे लागते. नुसता ‘व’ पाहून भविष्य सांगणारा हा फरक पाहतच नाही. शिवाय हिच्या लग्नी गुरू होता आणि त्याची सातवी दृष्टी थेट शुक्रावर. अशी मुलगी अडखळेल, पण फसणार नाही, असे मी तिला तेव्हाच सांगितले.

राहिला जुन्या माणसाचा प्रश्न. जन्माचा वक्री शुक्र माणसे परत आणत नाही. ती गोष्ट गोचराची. शुक्राचे तेरा फेरे आणि आपली आठ वर्षे जवळजवळ सारखी भरतात, त्यामुळे दर आठ वर्षांनी तो त्याच सुमाराला, त्याच राशीत, दोनेक अंश मागे वक्री होतो. १९९३ नंतर २००१, २००९, २०१७, २०२५. प्रत्येक वेळी मार्च-एप्रिल, प्रत्येक वेळी मीन. तिचा जन्मशुक्र मीनेच्या तेराव्या अंशाच्या आसपास. २०१७मध्ये वक्री शुक्र मीनेच्या एकोणिसाव्या अंशावरून तिसऱ्यापर्यंत मागे आला. २०२५मध्ये २ मार्च ते १३ एप्रिल या काळात सतराव्या अंशावरून मीनेच्या आरंभापर्यंत. दोन्ही वेळा तो तिच्या शुक्रावरून गेला. पहिल्या वेळी प्रश्न आला, दुसऱ्या वेळी तोच प्रश्न परत आला.

हे जुळले म्हणून ते सिद्ध झाले, असे मी म्हणणार नाही. त्याच राशीत शुक्र असलेल्या हजारो जणींना त्या महिन्यात कोणाचाच मेसेज आला नसेल. शास्त्रीय कसोटीवर हे टिकलेले नाही. पत्रिका मनाचा विचार करायला एक चौकट देते, तेवढाच तिचा अधिकार मी मानते.

मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. मेसेजला उत्तर दे. निर्णय १३ एप्रिलनंतर घे, कारण शुक्र वक्री असताना आठवणीतला माणूस आणि समोरचा माणूस वेगळे काढणे अवघड जाते. आणि भेटलीस तर आठ वर्षांत त्याच्यात काय बदलले ते विचार, तुझ्यात काय बदलले ते सांग. ती मे महिन्यात त्याला भेटली. तो तसाच गोड बोलणारा होता आणि अजूनही स्वतःबद्दलच बोलत होता. तिने घरी येऊन त्याला तीन दिवसांत ‘नाही’ कळवले. तीन आठवडे नाही, तीन दिवस.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ज्याने मारहाण केली, पाळत ठेवली, धमकावले, असा जुना जोडीदार परत आला तर त्याला शुक्राची खूण समजू नका. तिथे ज्योतिषाकडे नव्हे, घरच्यांकडे आणि पोलिसांकडे जायचे असते.

पुढचा शुक्र वक्री होतोय ३ ऑक्टोबर २०२६ला, तुळेत, आणि १४ नोव्हेंबरला कन्येच्या शेवटी मार्गी होतोय. जन्मशुक्र कन्येच्या शेवटच्या दोन अंशांत किंवा तुळेच्या पहिल्या चौदा अंशांत असलेल्यांनी या तारखा लिहून ठेवाव्यात. मीनेत तो पुन्हा वक्री होईल २०३३च्या फेब्रुवारीअखेर.