‘समजेल’ या शब्दाला गुण कसे द्यायचे?

पदवीच्या पहिल्या वर्षाला सांख्यिकीची तोंडओळख असते. तिच्या अभ्यासक्रमात अशा धाटणीची ओळ सापडते: ‘विद्यार्थ्यांना केंद्रीय प्रवृत्तीची परिमाणे समजतील.’ ही ओळ तीन प्राध्यापकांकडे दिली तर एक जण मध्यकाची व्याख्या विचारेल, दुसरा सरासरी काढायला आकडे देईल आणि तिसरा विचारेल, इथे सरासरी वापरावी की मध्यक, आणि का? तिघेही अभ्यासक्रमाला धरूनच वागलेले असतील. मुलांच्या हाती मात्र तीन वेगवेगळे विषय पडतील.

समजा, एका वस्तीत दहा कुटुंबे आहेत. नऊ कुटुंबांचे मासिक उत्पन्न प्रत्येकी २०,००० रुपये आणि दहाव्याचे ५ लाख. सरासरी येते ६८,००० आणि मध्यक २०,०००. एखादी विद्यार्थिनी दोन्ही आकडे बिनचूक काढते आणि खाली लिहिते, ‘या वस्तीतील सामान्य कुटुंब महिन्याला ६८,००० रुपये कमावते.’ तिला परिमाणे समजली का? ‘समजतील’ या शब्दाकडे याचे उत्तर नाही, कारण समजणे डोक्यात घडते आणि परीक्षकाला दिसतो तो फक्त कागद.

म्हणून ती ओळ अशी लिहावी: ‘काही टोकाच्या नोंदी असलेली उत्पन्नाची अपरिचित आकडेवारी दिल्यास विद्यार्थी सरासरी आणि मध्यक यांपैकी योग्य परिमाण निवडेल आणि त्या आकडेवारीच्याच आधारे निवडीचे कारण देईल.’ यात तीन गोष्टी आल्या. हाती काय दिले जाईल, विद्यार्थी काय करेल आणि ते कितपत चांगले झाले म्हणजे पुरे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी उद्दिष्टाचे हेच तीन भाग १९६२ साली मांडले होते. वरच्या विद्यार्थिनीचे गणित बरोबर आले, पण ही निष्पत्ती तिला साधलेली नाही, हे आता कोणताही परीक्षक सांगू शकतो.

क्रियापदांच्या ज्या याद्या शिक्षक हाताशी ठेवतात, त्यांचे मूळ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात आहे. आपल्याकडे बी.एड. झालेल्या प्रत्येकाला ‘ज्ञान, आकलन, उपयोजन’ ही ओळीने येणारी नावे पाठ असतात, ती त्याच घराण्यातली. २००१ साली या वर्गीकरणाची सुधारित आवृत्ती आली आणि तिच्या सहा पायऱ्यांपैकी दुसरीचे नाव चक्क ‘समजणे’ असे आहे. मग तो शब्द वर्ज्य का? कारण ते पायरीचे नाव आहे, कृतीचे नव्हे. त्या पायरीवरचा विद्यार्थी उदाहरण देतो, तुलना करतो, वर्गीकरण करतो, सारांश लिहितो. अभ्यासक्रमात उतरायला हवीत ती ही क्रियापदे.

भारत २०१४ साली अभियांत्रिकी शिक्षणाच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्यानंतर मानांकन हवे असलेल्या महाविद्यालयांत ‘कोर्स आउटकम’ लिहिण्याचे काम जोरात सुरू झाले. त्यात सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे फक्त शब्द बदलणे. ‘समजेल’ खोडून ‘विश्लेषण करेल’ लिहिले जाते आणि प्रश्नपत्रिकेत पुन्हा ‘व्याख्या लिहा’ हाच प्रश्न येतो. दुसरी चूक सहज ध्यानात येत नाही. वर्गात सोडवलेलेच दहा कुटुंबांचे उदाहरण परीक्षेत आले, तर ‘निवडेल’ आणि ‘कारण देईल’ ही क्रियापदे पाठांतरात जमा होतात. वरच्या निष्पत्तीतला ‘अपरिचित’ हा शब्द त्यासाठीच आहे. तो वगळला तर क्रियापद कितीही नेमके असले तरी उपयोग नाही.

साहित्याच्या शिक्षकांची तक्रार वेगळी आणि रास्त आहे. ‘विद्यार्थी कवितेचा आस्वाद घेईल’ याचे मोजमाप कसे करायचे? आवड मोजता येत नाही आणि मोजूही नये. पण ‘न शिकवलेली कविता वाचून तिच्यातील दोन प्रतिमांच्या आधारे आपला अर्थ मांडेल’ हे तपासता येते. रसग्रहणाचा चांगला प्रश्न हेच मागतो. कविता आयुष्यभर सोबत राहावी ही इच्छा अभ्यासक्रमाच्या प्रास्ताविकात ध्येय म्हणून जरूर लिहावी. गुण द्यायच्या यादीत तिला बसवू नये. इलियट आयझनर यांनी १९६७ सालीच बजावले होते की कलेच्या शिक्षणात सगळीच फलिते आधी लिहून ठेवता येत नाहीत. ती मर्यादा मान्य करूनही, ज्यावर परीक्षा घेऊन गुण द्यायचे ते विद्यार्थ्याला आधी कळायलाच हवे.

अभ्यास मंडळापुढे मसुदा ठेवण्यापूर्वी शिक्षकांनी प्रत्येक निष्पत्तीखाली परीक्षेतला एक प्रश्न आणि त्याची गुणविभागणी लिहून पाहावी, आणि तो कागद विषय शिकवणाऱ्या दुसऱ्या सहकाऱ्याला दाखवावा. त्याने वेगळ्याच प्रकारचा प्रश्न काढला, तर ती ओळ पुन्हा लिहावी.