एक्स-रेला न दिसणारा सांधा

वेल्डच्या कडेला मूळ पत्र्यात पडलेली खाच, म्हणजे अंडरकट, चांगल्या उजेडात डोळ्यांना दिसते. तिची खोली गेजने मोजता येते. ओलसर इलेक्ट्रोड किंवा वाऱ्याने उडालेला शील्डिंग गॅस यांमुळे आत अडकलेले वायूचे बुडबुडे, म्हणजे पोरॉसिटी, एक्स-रे फिल्मवर गोल काळे ठिपके होऊन उमटतात. खरा घातकी दोष म्हणजे लॅक ऑफ फ्यूजन. करंट कमी पडला किंवा वितळलेला धातू आर्कच्या पुढे वाहिला, की तो कडेला नुसता टेकतो, एकजीव होत नाही. वरून मात्र वेल्ड देखणा दिसतो.

१२ मिलिमीटर जाडीच्या दोन प्लेटी घ्या, प्रत्येकीची कड ३० अंशांत तासलेली. न जुळलेली फट त्या उतारावरच, कागदासारखी पातळ पसरते. सरळ खाली जाणारे एक्स-रे तिला तिरके छेदतात, त्यामुळे फिल्मवर फारसा फरक पडत नाही. अल्ट्रासॉनिक तपासणीत ६० अंशांचा प्रोब वापरतात. त्याची ध्वनिलहर प्लेटीच्या तळावरून उसळून उताराला बरोबर काटकोनात भिडते आणि ठळक प्रतिध्वनी परत येतो. प्रोबचा कोन चुकीचा निवडला, तर तोच प्रतिध्वनी भलतीकडे निघून जातो. म्हणून तपासनीसाने आधी कड किती अंशांत तासली होती, हे विचारलेच पाहिजे.