पुसट तक्त्याची स्पष्ट प्रत मागताना: एका पत्राची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका संग्रहाला पत्र लिहिलं होतं. मजकूर साधारण असा: "आपण पाठवलेल्या पीडीएफमधला तक्ता पुसट आहे, कृपया स्पष्ट प्रत मिळावी." दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं, सोबत पीडीएफ जोडलेली. उघडून पाहिली तर तीच फाइल. तिथल्या माणसाची काही चूक नव्हती. कुठलं पान, कुठला आकडा, मला कशासाठी हवा आहे, यातलं काहीच मी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्यांच्याकडे होती ती प्रत पुन्हा पाठवली.

दुसरं पत्र लिहिण्याआधी मी तीन गोष्टी केल्या. त्या आज सांगते, आणि शेवटी ते पत्रही देते.

तक्ता कुठला होता

१९०१ च्या जनगणनेत मुंबई इलाख्याचं काम आर. ई. एन्थोव्हेन यांच्याकडे होतं. अहवाल एका खंडात आणि तक्ते वेगळ्या खंडात छापले गेले. त्यातला सातवा तक्ता वय, लिंग आणि वैवाहिक स्थितीचा आहे. कुठल्या वयाच्या किती मुली अविवाहित, किती विवाहित, किती विधवा, हे त्यात मिळतं. पुण्यात स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावर काम करणाऱ्याला हा तक्ता टाळता येत नाही. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आलं, कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम १८९६ मध्ये सुरू केला. त्या काळात बालविधवा नेमक्या किती होत्या, हा प्रश्न मग आपोआप येतो.

अडचण अशी की या तक्त्यातल्या मोठ्या संख्या वाचता येतात आणि नेमक्या लहान चौकटी पुसट असतात. संख्या लहान असली की एका अंकाची चूकही फार मोठी ठरते.

पहिलं काम: बेरजेतून काय सुटतं ते पाहा

जनगणनेच्या तक्त्यात प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक रकान्याची बेरीज दिलेली असते. त्यामुळे पुसलेल्या बऱ्याच चौकटी पत्र न लिहिताच भरता येतात. समजायला सोपं जावं म्हणून मी एक छोटा तक्ता बनवला आहे. आकडे माझे आहेत, जनगणनेतले नाहीत. फक्त मुलींचे तीन वयोगट घेतले आहेत.

| वय | अविवाहित | विवाहित | विधवा | एकूण |
|---|---|---|---|---|
| ०–५ | ४,६१२ | ? | ? | ४,७०० |
| ५–१० | ३,५४८ | ? | ? | ४,३५० |
| १०–१५ | १,१२० | २,४८६ | ९४ | ३,७०० |
| एकूण | ९,२८० | ३,३३३ | १३७ | १२,७५० |

एका ओळीत एकच चौकट पुसलेली असती तर सरळ वजाबाकी करून मोकळे झालो असतो. इथे चार चौकटी गेल्या आहेत, दोन ओळी आणि दोन रकाने मिळून. आपल्याकडे समीकरणंही चार आहेत, दोन ओळींची आणि दोन रकान्यांची. मग उत्तर मिळायला हवं, असं वाटतं. मलाही वाटलं होतं.

करून पाहू. पहिल्या ओळीत विवाहित आणि विधवा मिळून ४,७०० वजा ४,६१२, म्हणजे ८८. दुसऱ्या ओळीत ४,३५० वजा ३,५४८, म्हणजे ८०२. विवाहितांच्या रकान्यात वरच्या दोन चौकटी मिळून ८४७, विधवांच्या रकान्यात ४३.

आता पाच वर्षांखालच्या विधवा "क्ष" धरा. मग त्याच वयाच्या विवाहित ८८ वजा क्ष. पाच ते दहा वयाच्या विधवा ४३ वजा क्ष. आणि पाच ते दहाच्या विवाहित ८०२ मधून तेवढ्या वजा केल्या की ७५९ अधिक क्ष. आता विवाहितांचा रकाना तपासा: ८८ वजा क्ष अधिक ७५९ अधिक क्ष, बरोबर ८४७. क्ष उडून गेला! चौथं समीकरण पहिल्या तिघांतूनच निघतं, ते नवीन काही सांगत नाही. क्ष शून्यापासून ४३ पर्यंत काहीही असला तरी सगळ्या बेरजा जुळतात.

मग डोळ्यांची मदत घ्यायची. समजा स्कॅनमध्ये एवढं दिसतंय की पाच वर्षांखालच्या विधवांची संख्या एकअंकी आहे, आणि तो अंक इंग्रजी 3, 5 किंवा 8 असावा. त्याखालची संख्या तिसात आहे, शेवटचा अंक 5 की 8 कळत नाही. क्ष ३ असेल तर खालची संख्या ४० होते, ती तिसात नाही, म्हणून ३ बाद. क्ष ५ असेल तर खाली ३८, क्ष ८ असेल तर खाली ३५. दोन्ही जुळतात, आणि दोन्हीकडे शंका त्याच दोन अंकांची! इथे गणित थांबतं.

फरक केवढा पडतो बघा. विवाहितांची संख्या ८३ ऐवजी ८० झाली तर चार टक्क्यांच्या आतला फरक. पण पाच वर्षांखालच्या विधवा ५ ऐवजी ८ झाल्या तर ती ६० टक्के वाढ आहे. तुमच्या प्रकरणातलं एखादं वाक्य या एका अंकावर उभं असू शकतं.

यातूनच पत्रात काय मागायचं तेही कळतं. चारपैकी कुठलीही एक चौकट खात्रीनं वाचता आली की उरलेल्या तीन आपोआप मिळतात. म्हणजे अख्खा खंड पुन्हा स्कॅन करायला सांगायची गरज नाही. एक पान पुरतं.

एक सावधगिरी मात्र घ्या. वजाबाकी करताना आपण छापलेली बेरीज बरोबर आहे असं धरून चालतो. छपाईच्या चुका तेव्हाही होत. म्हणून ज्या ओळी पूर्ण वाचता येतात त्यांच्या बेरजा आधी करून पाहा (इथे १०–१५ ची ओळ जुळते), आणि खंडात शुद्धिपत्र आहे का तेही बघा. वजाबाकीनं काढलेला आकडा प्रबंधात तसा वेगळी खूण करूनच लिहा.

दुसरं काम: पुसट काय आहे, पान की स्कॅन?

छापील पुस्तकाची काळी शाई सहसा इतकी उडत नाही. पुष्कळदा पान ठीक असतं आणि स्कॅननं घात केलेला असतो. हे तपासायला लिनक्सवर (पॉपलर टूल्स असतील तर) एवढी ओळ पुरते. इथे २१२ हा पीडीएफमधला पान क्रमांक:

```
pdfimages -list -f 212 -l 212 census.pdf
```

उत्तरात तीन रकाने बघायचे. `bpc` खाली 1 असेल तर प्रत्येक ठिपका एक तर पूर्ण काळा नाही तर पूर्ण पांढरा, मधली करडी छटा फेकून दिलेली. फिकट पडलेली बारीक रेघ अशा स्कॅनमध्ये पांढरी होते, आणि 8 च्या डाव्या बाजूच्या रेघा गेल्या की 3 उरतो. ही माहिती फाइलमधूनच गेलेली असते, त्यामुळे झूम करून किंवा कॉन्ट्रास्ट वाढवून ती परत येत नाही. `x-ppi` खाली प्रति इंच किती ठिपके ते कळतं. बारीक टाइपासाठी १५०–२०० कमी पडतात.

तिसरा रकाना `enc`. तिथे `jbig2` दिसलं तर जास्त सावध व्हा. जागा वाचवण्यासाठी ही पद्धत सारखे दिसणारे आकार एकदाच साठवून सगळीकडे तोच आकार लावू शकते. २०१३ मध्ये जर्मनीत डेव्हिड क्रीझेल यांनी इमारतीचा नकाशा स्कॅन केला, तेव्हा वेगवेगळ्या मापांच्या तीन खोल्यांवर एकच क्षेत्रफळ उमटलं. मशीननं अंकांचे तुकडे अदलाबदल केले होते. त्यातला धोका असा की चुकीचा अंक पुसट दिसत नाही, अगदी स्वच्छ दिसतो. `jbig2` असलेल्या प्रत्येक फाइलमध्ये असं होतंच असं नाही, पण तिथे "स्पष्ट दिसतंय" हा पुरावा धरू नका. बेरीज करून बघाच.

तिसरं काम: दुसरी प्रत शोधा

जनगणनेचे खंड छापील आहेत, म्हणजे एकाच पानाच्या अनेक प्रती असतात. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयासारख्या ठिकाणी जुन्या सरकारी प्रकाशनांचा मोठा संग्रह आहे. दुसऱ्या प्रतीत तो अंक नीट उमटला असेल तर पत्राचा प्रश्नच मिटतो. हस्तलिखित नोंदवहीचं तसं नसतं. ती एकच असते, म्हणून तिथे पत्र आणखी नेमकं हवं आणि स्कॅन रंगीतच मागायचा.

हे सगळं झाल्यावर पत्र लिहायला बसले. ते असं:

> प्रति,
> मा. अभिलेखपाल
>
> विषय: जनगणना १९०१, मुंबई, तक्त्यांचा खंड, यातील एका पानाच्या नव्या स्कॅनबाबत
>
> महोदय,
>
> आपण दि. \_\_\_ रोजी पाठवलेली पीडीएफ मिळाली, आभारी आहे. त्यातील तक्ता क्र. ७, छापील पान क्र. \_\_\_ (पीडीएफमधील पान २१२) वरील पुढील चार चौकटी वाचता येत नाहीत: वय ०–५ आणि ५–१०, विवाहित स्त्रिया व विधवा.
>
> ओळी व रकान्यांच्या बेरजांवरून मी पडताळा केला. वय ०–५ मधील विधवांचा आकडा ५ किंवा ८ असावा, त्यापुढे निर्णय होत नाही. ही एक चौकट स्पष्ट झाली तरी उरलेल्या तिन्ही निश्चित होतील.
>
> सध्याचा स्कॅन फक्त काळ्या-पांढऱ्या स्वरूपात आहे. शक्य असल्यास मूळ खंडातून हे एकच पान ४०० डीपीआय, करड्या छटांत किंवा रंगीत, टिफ स्वरूपात मिळावे. रकान्यांची शीर्षके व बेरजेची ओळ दिसावी म्हणून पूर्ण पान हवे.
>
> मूळ पानावरच अंक उमटलेला नसेल, किंवा बांधणीमुळे खंड उघडणे योग्य नसेल, तर तसे कळवावे. तीही नोंद मला उपयोगी पडेल. मी स्वतः येऊन पान पाहण्यास तयार आहे. नियमानुसार शुल्क भरेन.
>
> संबंधित पानाचे चित्र, चौकटींवर खूण करून, सोबत जोडले आहे.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, विद्यापीठ, नोंदणी क्रमांक, मार्गदर्शकांचे नाव, फोन)

यात दोन पान क्रमांक मुद्दाम दिले आहेत. छापील क्रमांक आणि पीडीएफचा क्रमांक क्वचितच सारखे असतात, आणि चुकीचं पान स्कॅन होऊन येण्याचं ते नेहमीचं कारण आहे. टिफ मागितलं कारण पीडीएफ बनवताना पुन्हा तेच दाबून लहान करणं होऊ शकतं. ए-फोर मापाचं पान ४०० डीपीआयला करड्या छटांत साधारण १५ एमबीचं होतं, ईमेलनं सहज येतं.

"तसे कळवावे" ही ओळ मी सगळ्यात शेवटी घातली, आणि आज मला तीच सगळ्यात कामाची वाटते. मूळ पानावरच अंक नसेल तर कुठलंही स्कॅनर तो आणू शकत नाही. पण "मूळ प्रतीत अवाच्य" असं संग्रहानं लेखी कळवलं की प्रबंधात "५ किंवा ८" असं लिहिता येतं, आणि व्हायवाला कुणी विचारलं तर दाखवायला कागद असतो. अंदाजानं ५ लिहून टाकला असता तर तो आकडा माझ्या प्रबंधातून पुढच्याच्या प्रबंधात गेला असता, तिथे मात्र शंकेची खूण राहिली नसती.