काठावरची हूल

१० ऑक्टोबर २००२ रोजी अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक ७६८.६३ पर्यंत घसरला. अडीच महिन्यांपूर्वी, २४ जुलैला, तो ७७५.६८ वर थांबला होता. तो आकडा मोडला म्हणजे आता तळच नाही, असा अर्थ अनेकांनी काढला आणि उरलेसुरले शेअर विकून टाकले. पण त्याच दिवशी बाजार बंद झाला तो ८०३.९२ वर. जुलैचा तळ जेमतेम सात अंकांनी मोडला होता आणि काही तासांतच भाव पुन्हा त्याच्या बराच वर आला. पुढच्या पाच वर्षांत निर्देशांक दुप्पट झाला आणि ७६८.६३ हा आकडा पुन्हा दिसला तो थेट २००८ च्या आर्थिक संकटात.

तळ मोडल्यासारखा दाखवून भाव उलटा फिरण्याच्या या प्रकाराला ‘स्प्रिंग’ म्हणतात. शिखराकडे याचीच उलटी बाजू दिसते. भाव आधीचा उच्चांक ओलांडतो, टिकत नाही आणि परत खाली येतो. तो ‘अपथ्रस्ट’. दोन्हींचा विचार ज्या पद्धतीत होतो तिचा पाया रिचर्ड वायकॉफ (१८७३–१९३४) यांनी घातला. किशोरवयात वॉल स्ट्रीटवर निरोप्याचं काम धरलेल्या वायकॉफनी पुढे स्वतःची दलाली पेढी काढली, बाजाराचं मासिक चालवलं आणि १९३१ साली आपली पद्धत शिकवणारा अभ्यासक्रम सुरू केला.

भाव अडकतो का?

समजा, एखाद्या फंडाला एका कंपनीचे ५० लाख शेअर हवे आहेत आणि त्या कंपनीत रोज जेमतेम पाच लाखांची उलाढाल होते. फंडाने एकदम ऑर्डर टाकली तर भाव उसळेल आणि निम्मा माल हातात येण्याआधीच सौदा महाग पडेल. म्हणून तो भाव पडला की घेतो आणि चढायला लागला की हात आखडतो. असे आठवडे, कधी महिने जातात. खाली खरेदी येते, वर विक्री येते आणि भाव एका पट्ट्यात फिरत राहतो. यालाच रेंज म्हणायचं.

मोठी घसरण होऊन गेल्यावर अशा रेंजमध्ये घाबरलेल्यांचा माल धीर धरणाऱ्यांच्या हाती जात असेल, तर ते अॅक्युम्युलेशन, म्हणजे माल गोळा करणं. मोठ्या तेजीनंतर उत्साही नवख्यांना माल विकला जात असेल, तर ते डिस्ट्रिब्युशन, म्हणजे माल उतरवणं. अडचण अशी की रेंजच्या मधोमध दोन्ही अगदी सारखी दिसतात. रोजच्या चढउतारातून मालाची दिशा कळत नाही. ती कळण्याची शक्यता असते ती काठावर.

याचं कारण काठावर पडून असलेल्या ऑर्डरींमध्ये आहे. रेंजमध्ये खरेदी केलेले बहुतेक जण आपला स्टॉप लॉस आधीच्या तळाच्या थोडा खाली लावतात. शिवाय तळ मोडला की विकायचं असं ठरवलेले मंदीवालेही तिथेच टपलेले असतात. भाव तळाखाली गेला की या सगळ्या विक्रीच्या ऑर्डरी एकाच वेळी जाग्या होतात. ज्याला मोठा माल हवा आहे त्याच्यासाठी याहून चांगली वेळ नाही, कारण एरवी एवढी विक्री एका भावात मिळत नाही. त्याने ती विक्री गिळली तर भाव आणखी पडायला माल उरत नाही आणि तो रेंजमध्ये परततो. नुकतेच मंदीत शिरलेल्यांना मग परत खरेदी करावी लागते, त्यामुळे वरची चाल आणखी वेगवान होते. शिखरावर हेच उलटं होतं. तिथे ब्रेकआउट पाहून धावत आलेले खरेदीदार मिळतात आणि त्यांना माल उतरवता येतो.

यामागे कुणी एक सूत्रधार असलाच पाहिजे असं नाही. वायकॉफ आपल्या विद्यार्थ्यांना सांगत की सगळ्या बाजाराकडे जणू एकाच माणसाचं काम असल्यासारखं पाहा. ती कल्पना विचार करायला सोयीची आहे, एवढंच. एस अँड पी ५०० मध्ये पाचशे कंपन्या आहेत. तिथे कुणी ऑपरेटर बसून तळ मोडत नाही. हजारो हात तसंच वागतात म्हणून तशी आकृती उमटते.

तळ कसा बनला

२००० सालच्या मार्चमध्ये निर्देशांक १५५० च्या आसपास होता. डॉटकॉमचा फुगा फुटला, मग एन्रॉन बुडाली आणि २१ जुलै २००२ रोजी वर्ल्डकॉमने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच आठवड्यात, २४ जुलैला, निर्देशांक ७७५.६८ पर्यंत आपटला आणि ८४३.४३ वर बंद झाला. त्या दिवशी न्यूयॉर्क शेअर बाजारात प्रचंड उलाढाल झाली. या टप्प्याला विक्रीचा कळस म्हणतात. सगळे एकदम विकतात आणि घेणारेही तितकेच उभे राहतात. पुढच्या उसळीत ऑगस्टमध्ये भाव ९६५ पर्यंत गेला. वरचा आणि खालचा असे रेंजचे दोन्ही काठ इथे ठरले.

सप्टेंबरभर भाव घसरत आला आणि १० ऑक्टोबरला ती हूल बसली. इथे उलाढालीकडे बघायला हवं. तळ मोडला तेव्हाची उलाढाल जुलैच्या कळसापेक्षा कमी होती. नवा नीचांक लागला, पण विकायला निघालेला माल आधीइतका नव्हता. विक्रीचा जोर ओसरला होता, हे त्यातून दिसत होतं.

तरीही त्या दिवशी खरेदी करणं हे धाडसच ठरलं असतं. वायकॉफच्या पद्धतीत स्प्रिंग हा पुरावा नसतो, तो संशय असतो. पुरावा नंतरच्या चाचणीतून मिळतो. उसळी साडेनऊशेच्या पुढे जाऊन थकली आणि इराकच्या युद्धाच्या धास्तीने भाव परत घसरला. १२ मार्च २००३ रोजी तो ७८८.९० पर्यंत आला. बातम्या ऑक्टोबरइतक्याच वाईट, पण तळ वीस अंकांनी वर आणि उलाढाल ऑक्टोबरपेक्षा कमी. विकणारे आता संपत आले होते. जूनच्या सुरुवातीला निर्देशांकाने ऑगस्टचा ९६५ चा काठ ओलांडला आणि रेंजमधून बाहेर पडला.

शिखर कसं बनलं

आता पाच वर्षं पुढे येऊ. १६ जुलै २००७ रोजी निर्देशांक १५५५.९० वर पोचला. ऑगस्टमध्ये अमेरिकी गृहकर्जांच्या भानगडी बाहेर आल्या आणि महिन्याभरात, १६ ऑगस्टला, तो १३७०.६० पर्यंत कोसळला. वर १५५६, खाली १३७१ अशी रेंज तयार झाली. सप्टेंबरात फेडरल रिझर्व्हने व्याजदर अर्ध्या टक्क्याने उतरवला. बाजार खूश झाला आणि भाव चढू लागला.

११ ऑक्टोबर २००७ रोजी निर्देशांक १५७६.०९ वर गेला. नवा उच्चांक लागला होता, संकट टळल्याची भावना होती. पण दिवसअखेर बंद भाव होता १५५४.४१, म्हणजे जुलैच्या शिखराच्या खाली. ऑगस्टच्या घसरणीत दिसलेली उलाढाल या चढणीत कुठेच दिसली नव्हती. भाव वर जात होता, पण त्याला वर ढकलणारे हात कमी होत चालले होते. अपथ्रस्ट म्हणावा तर असा.

इथेही चाचणी झाली. नोव्हेंबरात घसरण होऊन डिसेंबरात परत उसळी आली, पण ती १५२५ च्या अलीकडेच थांबली. आधीच्या शिखरापर्यंत भाव पोचूच शकला नाही. जानेवारी २००८ मध्ये ऑगस्टचा तळ तुटला आणि त्यानंतर निर्देशांक तिथे टिकून वर आला नाही. मार्च २००९ मध्ये तो ६६६ वर गेला.

जिथे हे फसतं

इथवर वाचून कुणालाही वाटेल की काठावर डोळा ठेवला की झालं. पण त्याच २००८ मध्ये फसवणारी स्प्रिंगही घडली. जानेवारीत निर्देशांकाने १२७० चा तळ केला. १७ मार्चला, बेअर स्टर्न्स ही गुंतवणूक बँक कोलमडल्याच्या धक्क्यात, तो १२५७ पर्यंत गेला आणि लगेच उलटला. पाठ्यपुस्तकात छापावी अशी हूल. पुढे १९ मे रोजी तो १४४० वर पोचला. फेब्रुवारीच्या उसळीचा माथाही ओलांडला गेला. ज्यांनी इथे अॅक्युम्युलेशन पाहिलं त्यांनी नियम काही मोडले नव्हते. तरी जुलैपर्यंत भाव १२०० वर होता आणि सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली.

मग फरक कुठे होता? २००२ मध्ये घसरण दोन वर्षांहून जुनी झाली होती आणि घाबरलेले जवळजवळ सगळे विकून बसले होते. २००८ च्या मार्चमध्ये घसरण अवघ्या पाच महिन्यांची होती. आधीच्या शिखरावर महिनोन्महिने उतरवलेला माल नवख्यांच्या हातात तसाच पडून होता आणि प्रत्येक उसळीत तो विकायला येत होता. म्हणून मोठ्या डिस्ट्रिब्युशननंतर लगेच दिसणारी स्प्रिंग संशयाने पाहायची. रेंज जितकी लांब तितका तिचा परिणाम मोठा, असं वायकॉफ मानत. पाच महिन्यांच्या मंदीनंतर दोन महिन्यांत बनलेल्या तळाकडून नव्या तेजीची अपेक्षा ठेवणं त्या हिशोबात बसत नव्हतं.

आणखी एक मर्यादा उघड आहे. हे सगळे टप्पे आज आलेखावर स्पष्ट दिसतात, कारण शेवट आपल्याला माहीत आहे. १० ऑक्टोबर २००२ च्या दुपारी समोर दिसत होता तो फक्त मोडलेला तळ. चार्टवर मागे वळून खुणा करणारा कधीच चुकत नाही. समोरच्या भावावर पैसे लावणारा मात्र नेहमी अर्धवट माहितीवर चालतो.

म्हणून या पद्धतीचा उपयोग भाकितापेक्षा बेताने वागण्यासाठी जास्त आहे. तळ तुटल्याबरोबर विकू नका आणि उलटल्याबरोबर घेऊही नका. भाव रेंजमध्ये परतला का, पुढच्या घसरणीत तळ आधीच्यापेक्षा वर राहिला का आणि तेव्हा उलाढाल घटली का, या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत थांबा. तीनही होकारार्थी आली तरी हुलीचा नीचांक ही आपल्या तर्काची सीमा समजा. तो तुटला की तर्क चुकला, आणि त्याच क्षणी बाहेर पडायचं. मार्च २००८ च्या स्प्रिंगवर विसंबून १२५७ खाली स्टॉप लॉस ठेवलेल्याचं नुकसान मर्यादित राहिलं. तो काढून टाकून वाट बघत बसलेल्याने मात्र पुढच्या आठ-नऊ महिन्यांत उरलेल्या पैशांतले जवळजवळ निम्मे गमावले.