‘टुमॉरो’ म्हणजे नेमका कोणता वार?

इंग्रजीच्या पेपरात ‘डायरेक्ट स्पीच’चं ‘इनडायरेक्ट’ करा, असा प्रश्न आला की मुलं पाठ केलेला तक्ता आठवू लागतात. नाऊचं देन, टुडेचं दॅट डे, विलचं वुड. तक्ता बहुतेक वेळा बरोबर असतो, पण लिहिलेलं उत्तर बरोबर आहे की नाही हे तो सांगू शकत नाही. उत्तर तपासायचं तर तक्त्यामागचं कारण कळायला हवं. ते कारण एकच आहे आणि घरी अभ्यास घेणाऱ्या कोणत्याही आईवडिलांना समजेल इतकं सोपं आहे.

बोलणारा माणूस बोलतो तेव्हा सगळं स्वतःपासून मोजतो. तो स्वतः ‘आय’, समोरचा ‘यू’, बोलण्याची जागा ‘हिअर’, बोलण्याचा दिवस ‘टुडे’. तेच बोलणं दुसरा कोणी नंतर सांगतो तेव्हा ‘आय’ कोण, ‘टुडे’ कोणता, हे त्या सांगणाऱ्यापासून मोजावं लागतं. सर्वनामं, काळ आणि वेळेचे शब्द हे तिन्ही बदल एवढ्यासाठीच होतात. म्हणून तपासताना पहिला प्रश्न व्याकरणाचा नसतोच. हे वाक्य कोण सांगतंय, कोणाला, आणि कधी, हे आधी विचारायचं.

एक वाक्य घेऊन पाहू

समजा, रोहनने सोमवारी स्नेहाच्या दारात उभं राहून तिला सांगितलं: “आय लेंट युअर ब्रदर माय सायकल यस्टरडे. ही हॅज नॉट रिटर्न्ड इट. आय विल कम हिअर अगेन टुमॉरो.” काल तुझ्या भावाला माझी सायकल दिली, त्याने ती परत केलेली नाही, मी उद्या पुन्हा इथे येईन. बरेच दिवसांनी एक तिसरीच व्यक्ती हे बोलणं दुसरीकडे कुठेतरी सांगते आहे. एका विद्यार्थ्याने उत्तर लिहिलं:

“रोहन टोल्ड स्नेहा दॅट ही लेंट युअर ब्रदर हिज सायकल द डे बिफोर, दॅट ही हॅज नॉट रिटर्न्ड इट, अँड दॅट ही विल कम देअर अगेन टुमॉरो.”

असं वाक्य एका दमात वाचून तपासलं तर अर्ध्या चुका नजरेतून सुटतात, कारण एकूण अर्थ लागतो आणि डोळा पुढे जातो. म्हणून तीन फेऱ्या कराव्यात. पहिलीत फक्त सर्वनामं बघायची, दुसरीत फक्त क्रियापदं, तिसरीत वेळेचे आणि जागेचे शब्द.

पहिली फेरी: माणसं

मूळ बोलण्यात सहा जागा आहेत: आय, युअर, माय, ही, इट आणि पुन्हा आय. प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलने नाव लिहायचं. आय म्हणजे रोहन, युअर म्हणजे स्नेहाचा, माय म्हणजे रोहनची, ही म्हणजे भाऊ, इट म्हणजे सायकल. मग उत्तरातल्या सर्वनामांवर तशीच नावं लिहायची. दोन्हीकडची नावं जुळली पाहिजेत.

उत्तरातल्या ‘युअर’वर पेन्सिल अडते. हे वाक्य सांगणारी व्यक्ती ज्याच्याशी बोलते आहे, त्याचा भाऊ, असा इथे अर्थ होतो. मुळात भाऊ स्नेहाचा, म्हणून ‘हर ब्रदर’ हवं. शिकवणीत ‘एस-ओ-एन’ असं सूत्र देतात: प्रथम पुरुष सांगणाऱ्या वाक्याच्या कर्त्याप्रमाणे, द्वितीय पुरुष कर्माप्रमाणे, तृतीय पुरुषात बदल नाही. ‘युअर’ द्वितीय पुरुषी आहे, ‘टोल्ड’चं कर्म स्नेहा आहे, म्हणून ‘हर’. सूत्र आणि पेन्सिल दोन्ही एकच उत्तर देतात.

पण हीच हकिकत स्नेहा स्वतः सांगत असेल तर? मग “रोहन टोल्ड मी दॅट ही हॅड लेंट माय ब्रदर हिज सायकल” असं होईल. मुळातला ‘युअर’ तिच्या तोंडी ‘माय’ होतो. सूत्र इथेही लागू पडतं, कारण कर्म आता ‘मी’ आहे, म्हणजे स्नेहा. सांगणारं माणूस बदललं की योग्य उत्तरही बदलतं.

आता उत्तरातले तीन ‘ही’ बघा. पहिला रोहन, दुसरा भाऊ, तिसरा पुन्हा रोहन. नियमाने एकही चुकलेला नाही, तरी वाचणाऱ्याला कोण कोण ते कळत नाही. सायकल कोणी परत केली नाही? उद्या कोण येणार? मूळ बोलण्यात ‘आय’ आणि ‘ही’ असे वेगळे शब्द होते, म्हणून घोटाळा नव्हता. रूपांतरात दोघेही ‘ही’ झाले. अशा वेळी नाव घालावं: “दॅट हर ब्रदर हॅड नॉट रिटर्न्ड इट”. ज्या उत्तरातलं प्रत्येक सर्वनाम नियमात बसतं ते उत्तरही इथे अपुरं ठरू शकतं, आणि हे फक्त नावं लिहून बघितल्यावरच दिसतं.

दुसरी फेरी: काळ

मराठी माणूस सर्वांत जास्त चुकतो तो इथे, आणि त्याला आपल्या भाषेतलंच कारण आहे. मराठीत “मी दमलोय,” असं रोहन म्हणाला, किंवा आपण दमलोय असं रोहन म्हणाला; दोन्हीकडे ‘दमलोय’ तसंच राहतं. रोहन येईन म्हणाला तर आपण “तो येईल असं म्हणाला” असं सांगतो. पुरुष बदलतो, भविष्यकाळ भविष्यकाळच राहतो. आपल्याकडे आतल्या वाक्याचा काळ मूळ बोलणाऱ्यापासून मोजतात, इंग्रजीत तो सांगणाऱ्यापासून मोजतात. म्हणून इंग्रजीत ‘ही वॉज टायर्ड’ होतं. मराठी कानाला वाटतं की दमणूक संपली, पण ‘वॉज’ एवढंच सांगतो की ही गोष्ट मागे घडलेल्या बोलण्यातली आहे.

त्यामुळे या फेरीत आधी सांगणारं क्रियापद बघायचं. ते ‘सेज’ किंवा ‘विल से’ असेल तर आतला काळ हलत नाही. ‘सेड’ किंवा ‘टोल्ड’ असेल तर आतलं प्रत्येक क्रियापद एक पायरी मागे जातं: वर्तमानाचा भूतकाळ, ‘हॅज’चं ‘हॅड’, साध्या भूतकाळाचं ‘हॅड’सह रूप, ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’. ज्याला मागे पायरीच नाही ते तिथेच थांबतं: ‘वुड’, ‘शुड’, ‘माइट’ आणि आधीच ‘हॅड’ असलेली रूपं.

आपल्या उदाहरणात तीन क्रियापदं आहेत. ‘विल’चं ‘वुड’ हवं, ही उघड चूक. ‘हॅज नॉट रिटर्न्ड’चं ‘हॅड नॉट रिटर्न्ड’ हवं. इथे एक खाच लक्षात ठेवण्यासारखी आहे. सायकल आजही परत आलेली नाही आणि सांगणाऱ्याला ते ठाऊक आहे, तर इंग्रजी बोलणारा ‘हॅज’ तसंच ठेवू शकतो. मग ती गोष्ट आजही खरी आहे असं तो स्वतः सांगतोय असा अर्थ होतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते यासारख्या कायमच्या सत्याचा काळ बदलला नाही तरी चालतो, तोही याच कारणाने. सांगणाऱ्याला आजची स्थिती माहीत नसेल तर ‘हॅड’ हेच प्रामाणिक. परीक्षेच्या प्रश्नात ही माहिती दिलेली नसते, म्हणून तिथे मागे जाणंच सुरक्षित.

राहिलं ‘लेंट’. नियमाने ‘हॅड लेंट’ हवं आणि परीक्षकही तेच शोधतील. रोजच्या इंग्रजीत मात्र ‘द डे बिफोर’ सोबत असल्यामुळे आधी काय घडलं ते कळतंच, त्यामुळे ‘लेंट’ सर्रास चालतं. ‘विल’ ठेवणं आणि ‘लेंट’ ठेवणं या दोन्हींवर सारखीच लाल रेघ मारू नये. बोलणं जुनं झालेलं असताना ‘विल’ ठेवलं तर मंगळवारचं येणं अजून व्हायचंच आहे असं वाटतं.

तिसरी फेरी: वार

शेवटी वेळेचे आणि जागेचे शब्द. रेन आणि मार्टिन यांच्या प्रसिद्ध व्याकरणातही यासाठी शब्दांची यादी आहे. जवळीक दाखवणारे शब्द जाऊन अंतर दाखवणारे येतात, हे तिचं सार. तपासण्याची खात्रीची रीत मात्र वार लिहिण्याची आहे. रोहन सोमवारी बोलला. त्याचा ‘यस्टरडे’ रविवार, ‘टुमॉरो’ मंगळवार. आता उत्तरातल्या शब्दांवर वार लिहा. ‘द डे बिफोर’ म्हणजे बोलण्याच्या आदला दिवस, रविवार, जुळलं. पण ‘टुमॉरो’ तसाच राहिला आहे. ही हकिकत नंतरच्या एखाद्या शुक्रवारी सांगितली जात असेल तर तो शनिवार होतो. जुळत नाही, म्हणून ‘द नेक्स्ट डे’ हवं.

पण हेच बोलणं कोणी सोमवारीच संध्याकाळी सांगत असेल, तर ‘टुमॉरो’ अगदी बरोबर आहे. अजूनही तो मंगळवारच. मंगळवारी सकाळी सांगितलं तर ‘टुडे’ लागेल. यादीतलं ‘द नेक्स्ट डे’ हे उत्तर बोलणं आणि सांगणं यात दिवस गेले आहेत असं धरून दिलेलं असतं. आपल्या बातम्यांतही हे घडतं. नेता सोमवारी “उद्या मोर्चा काढू” म्हणतो आणि मंगळवारच्या अंकात “आज मोर्चा काढणार असल्याचं त्यांनी सांगितलं” असं छापावं लागतं. मराठी काळ बदलत नाही, पण ‘उद्या’ तिलाही बदलावा लागतो.

जागेचंही तसंच. ‘हिअर’ म्हणजे स्नेहाचं दार. सांगणारी व्यक्ती तिथे नाही, म्हणून ‘देअर’. विद्यार्थ्याने ते केलं, पण त्यासोबतचं ‘कम’ विसरला. ‘कम’ बोलणाऱ्याच्या जागेकडे येणं दाखवतं. ‘देअर’ झालं की सांगणाऱ्यापासून दूरची जागा आली, म्हणून ‘गो’ हवं.

तिन्ही फेऱ्यांनंतर वाक्य असं होतं: “रोहन टोल्ड स्नेहा दॅट ही हॅड लेंट हर ब्रदर हिज सायकल द डे बिफोर, दॅट हर ब्रदर हॅड नॉट रिटर्न्ड इट, अँड दॅट रोहन वुड गो देअर अगेन द नेक्स्ट डे.”

उलटं करून बघा, पण मर्यादा ठेवून

अनेकजण शेवटी उत्तराचं पुन्हा प्रत्यक्ष बोलणं करून ताळा बघतात. ही सवय चांगली आहे, फक्त तिच्याकडून सगळ्याची अपेक्षा करू नये. ‘हॅड लेंट’ उलटं केलं तर मुळात ‘लेंट’ होतं, ‘हॅव लेंट’ होतं की ‘हॅड लेंट’च होतं, हे त्या रूपावरून ठरत नाही, तिन्ही एकाच रूपात मिसळतात. शेजारी ‘द डे बिफोर’ आहे म्हणून ‘यस्टरडे’ आणि ‘लेंट’ हे ओळखता येतं, तो शब्द नसता तर आलं नसतं. त्यामुळे उलट्या वाक्यातला काळ मुळाशी जुळला नाही एवढ्यावरून उत्तर चुकीचं ठरवू नये. माणसं आणि वार मात्र दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळलेच पाहिजेत. सायकल कोणाची, दिली कोणी, रविवारी की सोमवारी, हे उलट करताना बदललं, तर चूक रूपांतरातच आहे आणि ती पहिल्या किंवा तिसऱ्या फेरीत सापडेल.