व्हेगस चेता कोणत्या फांदीवर बसते?

परीक्षा जवळ आली की अकरावी-बारावीच्या मुलांच्या मोबाइलमध्ये पुस्तकांच्या पानांचे फोटो साचू लागतात. पुस्तक मैत्रिणीचे असते, ग्रंथालयातले असते किंवा क्लासच्या नोट्स एका रात्रीपुरत्या हाती आलेल्या असतात. जीवशास्त्रातला चेतासंस्थेचा धडा, म्हणजे मुलांच्या भाषेत नर्व्हस सिस्टिम, अशा आठ-दहा फोटोंत मावतो. त्यावरून माइंड मॅप काढायचा म्हटले की बहुतेक जण सरळ वाट धरतात: पानावरचे ठळक शीर्षक जाड फांदीला, बारीक शीर्षक बारीक फांदीला. तासाभरात रंगीबेरंगी झाड उभे राहते. दिसायला छान, पण बऱ्याचदा चुकीचे.

याचे कारण असे की पानावरची शीर्षके शिकवण्याच्या क्रमाने येतात. आधी चेतासंस्थेची ओळख, मग चेतापेशीची रचना, मग आवेग कसा वाहतो, मग मेंदूचे भाग. छपाईत ही सगळी शीर्षके एकाच आकाराची असतात, म्हणून नकाशातही ती एका रांगेत बसतात. प्रत्यक्षात चेतापेशी हा संपूर्ण संस्थेचा घटक आहे, आवेगाचे वहन ही त्या पेशीत घडणारी क्रिया आहे आणि मेंदू हा अवयव आहे. घटक, क्रिया आणि अवयव यांना सख्खी भावंडे करून टाकले की पुढची सगळी वंशावळ बिघडते.

पण त्याआधी फोटोंचे बघू. पुस्तक पूर्ण उघडून सपाट ठेवावे, उजेड खिडकीतून बाजूने यावा, मोबाइल पानाला समांतर धरावा आणि पानाचा क्रमांक फोटोत आलाच पाहिजे. बांधणीकडची बाजू वाकते. तिथल्या ओळींची टोके गिळली जातात आणि नेमके तिथलेच ‘नाही’ किंवा ‘वगळता’ हरवते. फोटोतला मजकूर मोबाइलवरच्या लेन्सने उचलता येतो किंवा फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून तो गूगल डॉक्समध्ये उघडला तरी चालते. दोन स्तंभांचे पान असेल तर मात्र यंत्र कधी कधी डावीकडच्या ओळीला उजवीकडची ओळ जोडून वाचते. म्हणून प्रत्येक स्तंभाचा वेगळा फोटो घेतलेला बरा.

चेतासंस्थेच्या धड्यात यंत्राच्या तीन चुका हमखास आढळतात. आयनांच्या डोक्यावरचे अधिक चिन्ह त्याला नीट वाचता येत नाही. त्यामुळे `Na⁺` चे `Nat` होते आणि `K⁺` चे `Kt`. दुसरी चूक जास्त घातक आहे. विश्रांत अवस्थेत पेशीच्या आतला विभव साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतो. त्यातली बारीक उणेची रेघ गळून पडली तर पेशीची आतली बाजू धन होऊन बसते आणि पुढचे सगळे स्पष्टीकरण उलटे फिरते. तिसरी चूक आकृतीत होते. मेंदूच्या उभ्या छेदाभोवती लिहिलेली नावे यंत्र उचलते, पण नावापासून भागापर्यंत जाणारी रेघ उचलत नाही. थॅलॅमस, पॉन्स, सेरिबेलम अशी नुसती यादी मजकुराच्या मध्येच टपकते. अशी आकृती मजकुरात उतरवू नये. तिचा फोटो कापून त्या फांदीला चिकटवावा.

आता खरे काम. उचललेल्या मजकुरातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द वेगळ्या ओळीवर लिहायचा आणि त्याच्या वरच्या शब्दाशी त्याचे नाते विचारायचे. हा त्याचा भाग आहे, त्याचा प्रकार आहे, की त्याच्यात घडणारी क्रिया? एका फांदीखाली एकाच नात्याची मुले ठेवायची. अनुमस्तिष्क हा मेंदूचा भाग. बहुध्रुवी पेशी हा चेतापेशीचा प्रकार. विध्रुवण ही पेशीच्या पटलावर घडणारी क्रिया. एवढे वर्गीकरण झाले की अर्धा धडा आपोआप जागेवर बसतो. उरतो तो त्रास देणारा अर्धा.

सगळ्यात जास्त त्रास परिघीय चेतासंस्थेच्या परिच्छेदात होतो. मेंदू आणि मेरुरज्जू यांच्या बाहेर पसरलेले चेतांचे जाळे म्हणजे परिघीय चेतासंस्था. पुस्तके तिच्याबद्दल थोड्या अंतराने तीन गोष्टी सांगतात. मेंदूतून निघणाऱ्या कर्परी चेतांच्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या मेरुचेतांच्या ३१ जोड्या. संदेश आत आणणारे अभिवाही तंतू आणि बाहेर नेणारे अपवाही तंतू. शिवाय आपल्या इच्छेने चालणाऱ्या स्नायूंसाठी कायिक आणि हृदय-आतड्यांसारख्या अवयवांसाठी स्वायत्त विभाग. फोटो समोर ठेवून काढलेल्या नकाशात ‘परिघीय’ या शब्दातून या सहाच्या सहा रेषा निघालेल्या दिसतात.

इथे एक कसोटी लावता येते. दहावी कर्परी चेता, म्हणजे व्हेगस, या नकाशात बसवून पाहावी. ती मेंदूतून निघते, म्हणून कर्परी. छाती आणि पोटातल्या अवयवांची खबर ती मेंदूकडे आणते, म्हणून तिच्यात अभिवाही तंतू आहेत. हृदयाची गती कमी करण्याचा आदेश ती खाली नेते, म्हणून अपवाहीही आहेत आणि स्वायत्त विभागातही तिला जागा हवी. एवढ्यावर ती थांबत नाही. स्वरयंत्राच्या स्नायूंकडेही तिच्या शाखा जातात आणि बोलताना ते स्नायू आपण इच्छेने वापरतो. एकच चेता सहापैकी पाच फांद्यांवर हक्क सांगते. याचा अर्थ व्हेगस विचित्र आहे असा नाही. फांद्या फोडताना एकाच जागी दोन-तीन वेगवेगळे प्रश्न एकदम विचारले गेले, असा आहे.

उपाय सोपा आहे: प्रश्नच फांदीवर लिहायचा. चेता कुठून निघते हा एक प्रश्न, संदेश कोणत्या दिशेने जातो हा दुसरा. कायिक-स्वायत्त हा भेद कुठे ठेवायचा यावर मात्र पुस्तकांचे एकमत नाही. काही पुस्तके तो थेट परिघीय संस्थेखाली देतात, काही अपवाही शाखेखाली. संदेश मिळून काम करणारा अवयव कोणता, यावरून हा भेद पडतो, तेव्हा तो अपवाहीखाली ठेवणे जास्त तर्काला धरून आहे. त्या रचनेत चौकटी अशा पडतात:

```
परिघीय चेतासंस्था [फोटो २, ३]
	उगम कुठे?
		कर्परी चेता: १२ जोड्या
		मेरुचेता: ३१ जोड्या
	संदेश कोणत्या दिशेने?
		अभिवाही: अवयवाकडून आत
		अपवाही: आतून अवयवाकडे
			कायिक: ऐच्छिक स्नायू
			स्वायत्त
				अनुकंपी
				परानुकंपी
```

व्हेगस आता पहिल्या प्रश्नाखाली कर्परी चेतांमध्ये बसते आणि तिच्यापुढे ‘मिश्र तंतू, परानुकंपीचा मोठा वाटा’ एवढी टीप पुरते. मेरुचेता तर सगळ्याच मिश्र असतात. ओळींच्या सुरुवातीला टॅबची मोकळी जागा आहे, ती केवळ शोभेची नाही. अशी टॅब देऊन लिहिलेली रूपरेषा फ्रीप्लेन या मोफत प्रणालीत चिकटवली की तिचा नकाशा आपोआप तयार होतो. कंसातला फोटोचा क्रमांकही टाळू नये, कारण शंका आली की नेमके कोणते पान उघडायचे ते त्यामुळेच कळते.

दुसरी अडचण मेंदूच्या फांदीवर येते. मेंदूचे अग्र, मध्य आणि पश्च असे तीन भाग पुस्तकात दिलेले असतात. अग्रमेंदूत प्रमस्तिष्क, थॅलॅमस आणि हायपोथॅलॅमस येतात, पश्चमेंदूत पॉन्स, अनुमस्तिष्क आणि मस्तिष्कपुच्छ. इथपर्यंत झाड सरळ वाढते. मग पानाच्या तळाशी एक वाक्य भेटते: मध्यमेंदू, पॉन्स आणि मस्तिष्कपुच्छ मिळून मस्तिष्कस्तंभ बनतो, म्हणजे ब्रेन स्टेम. त्याला चौथी फांदी देणारे पुष्कळ असतात. पण त्याचे तिन्ही भाग आधीच दुसऱ्या फांद्यांवर आहेत. त्यांना पुन्हा लिहिले तर एकाच अवयवाच्या दोन नोंदी होतात. अशा वेळी तुटक रेघ वापरावी. तिन्ही शब्द आहेत तिथेच राहू द्यावेत, त्यांच्याभोवती एक तुटक कुंपण घालावे आणि त्यावर ‘मस्तिष्कस्तंभ’ लिहावे. टोनी बुझान यांनी १९७४ च्या सुमारास लोकप्रिय केलेला माइंड मॅप मुळात झाडासारखा फुटत जातो. शरीर मात्र झाडाचा नियम पाळायला बांधलेले नाही.

फोटो दोन वेगवेगळ्या पुस्तकांतून आलेले असतील तर आणखी जपावे. शाळेच्या पातळीवर मेंदूचे वर्णन प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क आणि मस्तिष्कपुच्छ या तिघांवर आटोपते. वरच्या वर्गात हेच तिघे अग्र आणि पश्च मेंदूच्या खालच्या पायरीवर उतरतात. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच रांगेत ‘अग्रमेंदू, प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क’ असे लिहिले की आजोबा आणि नातू भाऊ होतात. नकाशाचा सांगाडा एकाच पुस्तकाचा ठेवावा आणि दुसऱ्यातून फक्त तपशील घ्यावेत.

आवेगाचे वहन हा भाग फांद्यांत मांडूच नये. त्याला क्रम आहे आणि क्रम हाच त्याचा अर्थ आहे. विश्रांत अवस्थेत पटलाची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते. उद्दीपन झाले की सोडियमचे दरवाजे उघडतात, सोडियम आत शिरतो आणि आतली बाजू क्षणभर धन होते. मग पोटॅशियम बाहेर पडतो आणि मूळची ऋण स्थिती परत येते. आयनांची मूळ वाटणी टिकवून धरतो तो सोडियम-पोटॅशियम पंप: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. हे सगळे एका मध्यबिंदूतून निघालेल्या चार रेषांवर लिहिले तर परीक्षेत आधी सोडियम की आधी पोटॅशियम, असा गोंधळ उडतो. चेतापेशीच्या फांदीवर ‘आवेग’ एवढा एकच शब्द ठेवून त्याखाली १, २, ३, ४ असे आकडे घालून ओळी लिहाव्यात. चेतासंधीवर काय घडते तेही याच क्रमात पुढे जोडावे.

नकाशा पूर्ण झाला की तो भिंतीवर लावून रोज बघण्याचा मोह होतो. त्याचा उपयोग वाटतो तेवढा नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले जेफ्री कार्पिके आणि जेनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी विज्ञानाचा उतारा समोर ठेवून संकल्पना-नकाशे काढले, तर काहींनी उतारा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढे लिहून काढले. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे होते. चाचणी नकाशाच्या रूपात घेतली तरीही निकाल तोच लागला.

तेव्हा फोटोंवरून केलेली रूपरेषा ही उत्तरपत्रिका तपासण्यासाठी ठेवावी. मोबाइल पालथा घालून, कोऱ्या कागदावर, मधोमध ‘चेतासंस्था’ लिहून तोच नकाशा आठवणीतून काढावा. जी फांदी रिकामी राहील तिच्यापुढचा फोटो क्रमांक पाहून तेवढेच पान पुन्हा वाचावे. आणि ज्यांच्याकडे अजून पुस्तक परत करायचे बाकी आहे, त्यांनी ते देण्याआधी उणे ७० च्या ओळीवर एकदा नजर टाकून घ्यावी.